सुनेला गेलेली मेल

संक्रांत तोंडावर आली की माझं डोकं ठिकाणावर नसतं. गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्या दुकानात आम्ही हलव्याचे दागिने करतो. हातात सुईदोरा, डोळे मोबाईलवर, आणि कुणी काही विचारलं की मी खेकसते. अशात लासलगावहून एक मावशी आल्या. "आर्डर केली फोनवरून, पण तुमचा मेल नाय आला," म्हणाल्या.

सुनेची पहिली संक्रांत होती. पण घरात काहीतरी वाजलं होतं आणि सून माहेरी निघून गेली होती. दागिने दाखवून तिला परत आणायचं, असं मावशींच्या मनात. तोवर तिला काही कळू द्यायचं नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर ऑर्डर काढली. मेल केव्हाच गेली होती. एक हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, खाली एकूण रक्कम, भोगीला घरपोच, बदल हवा असल्यास आज संध्याकाळपर्यंत याच इमेलवरून उत्तर द्यावे. सगळं बरोबर होतं. फक्त वरचा इमेल पत्ता मावशींनी पाहिला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हा तर सुनेचा. माझ्या फोनात समदं तिनंच घालून दिलं व्हतं."

फॉर्ममध्ये तिचा इमेल आपोआप भरला गेला होता, आणि मावशींनी तो तसाच राहू दिला होता.

"आता करंल ती रद्द," त्या म्हणाल्या. मी चहा मागवला. त्यांनी कप हातात धरला, प्यायल्याच नाहीत. दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, आलं का काही? एका बाजूबंदाचे मणी मी दोनदा उसवले.

दुपारी सुनेचं उत्तर आलं. "एक हार वाढवा, सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसतात. त्यावरूनच आमचं भांडण झालं. त्या हार घालून माझ्या शेजारी बसणार असतील, तर मी भोगीला येते."

मी बदल केला. नवी मेल तिला गेली, आणि मी ती मावशींना वाचून दाखवली. हार दोन, बाकी तेच, रक्कम वाढलेली, तारीख तीच. मग तिचं उत्तरही वाचलं.

मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मला नको तो हार. लोक काय म्हणतील? तुम्ही काढून टाका."

"मला नाही काढता येत, मावशी. बदल त्याच इमेलवरून यावा लागतो."

"म्हंजी सुनेलाच विचारावं लागंल?"

"हो."

त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"मग राहू द्या," म्हणाल्या. "माझ्या हाराचा दोरा जरा लांब ठेवा."