दोघींचा ग्रेड एकच

एकाच दुपारी दोघी आल्या. एक मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून, कण्हत. दुसरी तिच्या चपला हातात घेऊन मागून चालत. अमरावतीच्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे खेळाडूंचे दुखणे रोजचेच असते. तरी दार उघडल्याबरोबर माझे सगळे लक्ष रडणारीकडेच गेले.

दोघी एकाच कॉलेजच्या कबड्डी संघातल्या, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहणाऱ्या. पहिली मैदानावर जोरात पळताना मांडी मागून धरून खाली कोसळली होती. गोळी लागल्यासारखे वाटले, असे ती म्हणाली. तिला टेबलावर झोपवले आणि दुसरीला बाहेर थांबायला सांगितले, तर ती दारातूनच म्हणाली, "ताई, मायाही पाय सकाळी जरासा तानला गेला. पण तो मंग पाहा. आधी हिले पाहा, मरून राहिली थे."

"मी मरून राहिली अन तुले हसू येऊन राहिलं?" पहिली रडता रडता म्हणाली.

"मंग काय, दोघीजणी रडू?"

दुसरी पातूरकडच्या एका गावची, संघाची मुख्य चढाईपटू. सकाळच्या सरावात समोरच्या संघाच्या बोनस रेषेवर पाय टाकायला तिने तो लांबवर ताणला, तेव्हा बसायच्या हाडाजवळ, अगदी वर, काहीतरी खेचले गेले. तिने चढाई पूर्ण केली, गुण घेतला आणि स्वतःच्या पायाने परत आली. सूज नाही, काळेनिळे नाही. त्यांचे प्रशिक्षक बाहेर फेऱ्या मारत होते. दीड महिन्यावर अकोल्याला विद्यापीठ संघाची निवड होती. दुसरीचे हे शेवटचे वर्ष. वयाच्या नियमाने पुढच्या वर्षी तिला विद्यापीठाकडून खेळता आले नसते.

"हिचं जाऊ द्या," पहिलीकडे बोट दाखवून प्रशिक्षक मला हळूच म्हणाले, "हिचा पाय गेला, दिसूनच राहिलं. पण थे दुसरी पंधरा दिवसात उभी पाहिजे मले."

क्लिनिकच्या डॉक्टरांनी दोघींना तपासून लगेच सोनोग्राफी केली नाही. दोन दिवस जाऊ द्या, म्हणाले. स्नायू फाटल्यावर रक्त आणि पाणी जमायला वेळ लागतो. अगदी लगेच पाहिले तर चित्र खोटा दिलासा देते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे पाठवले. मीही सोबत गेले.

या मॅडमविषयी थोडे सांगायला हवे. मी हिवरखेडची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. नोकरी लागल्यावर आईने विचारले होते, "इतकं शिकून शेवटी लोकायचे पायच दाबतं का वो?" मी तिला नीट समजावू शकले नाही, कारण आत काय चालते ते मलाच पुरते दिसत नव्हते. मॅडमनी मला त्यांच्या अंधाऱ्या खोलीत एक स्टूल दिला. रोजचे काम संपले की मी जाऊन बसायचे. त्यांनी कधी "तुझं काय काम इथे" असे विचारले नाही. आज मला पडद्यावर जे थोडेफार दिसते, ते त्या स्टुलाचे देणे आहे.

पहिलीची सोनोग्राफी सोपी निघाली. मांडीच्या मागच्या बाहेरच्या स्नायूत, जिथे स्नायूचे धागे कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, येऊन मिळतात, तिथे धाग्यांच्या पांढऱ्या रेघा एकाएकी तुटल्या होत्या आणि मध्ये काळा डाग होता. ते साकळलेले रक्त. दुसरीच्या मांडीवर मात्र मॅडम बराच वेळ प्रोब फिरवत राहिल्या. रेघा जवळजवळ सरळ होत्या.

"काहीच नाही न?" प्रशिक्षक खुश झाले. "मी म्हटलंच होतं!"

"दिसत नाही एवढंच म्हणते मी," मॅडम म्हणाल्या. "ही जागा वर आहे, खोल आहे. तिथे सोनोग्राफीचा भरवसा कमी. हिचा एमआरआय करा. तुलना करायची तर दोघींचा करा."

एमआरआयमध्ये पाणी पांढरे दिसेल अशी चित्रे काढतात. पहिलीच्या मांडीत तुटलेल्या जागेभोवती पिसासारखी पांढरी झाक पसरलेली होती. मधली कंडरा काळी, ताठ, शाबूत. दुसरीच्या चित्रात पांढरे फारसे नव्हते. पण बसायच्या हाडाखाली, आतल्या बाजूच्या स्नायूची जी कंडरा काळ्या ताणलेल्या दोरीसारखी दिसायला हवी, ती एका जागी सुजलेली आणि वाकडीतिकडी होती. दोरीचे काही पदर तुटले होते, काही शिल्लक होते. मॅडमनी पेनाचे टोक त्या जागेवर ठेवले.

रिपोर्टमध्ये एकीला "टू बी" आणि दुसरीला "टू सी" लिहून आले. प्रशिक्षक दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसले.

"दोघींचा ग्रेड दोनच हाय न, साहेब? मंग तुमी म्हणता, पडलेली महिन्याभरात पळंल, अन चालत आलेली थांबंल. हे कसं काय बाप्पा?"

डॉक्टर म्हणाले, "आकडा किती फाटलं ते सांगतो. अक्षर कुठं फाटलं ते सांगतं. बी म्हणजे स्नायू जिथे कंडरेला मिळतो ती जागा. तिथे रक्त भरपूर येतं, पटकन भरतं. सी म्हणजे खुद्द कंडरा. तिला रक्त कमी. हळू भरते, आणि घाई केली तर पुन्हा तुटते. पळताना फाटलेलं भयंकर दुखतं पण लवकर जुळतं. पाय ताणताना वर फाटलेलं उलटं वागतं. सुरुवातीला साधंच वाटतं."

दुसरी हसली नाही. "मंग मी पण पडून रडली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"दीड महिन्यात होईल का?" प्रशिक्षकांनी विचारले.

"तारखेवर काही ठरत नाही. चाचण्यांवर ठरेल. मला तरी अवघडच वाटतं."

मग रोज संध्याकाळी दोघी माझ्याकडे येऊ लागल्या. पहिली आठवड्याआठवड्याला सुधारत गेली. दुसरी तिच्याहून जास्त कष्ट करत होती. पाय लांबवत लांबवत जोर लावायचे व्यायाम हळूहळूच वाढवायचे असतात. तिला मात्र मीच रोज मागे खेचायचे. एकदा म्हणाली, "ताई, तुमी मायावर ब्रेक मारून ठेवला." पहिली तिला खोलीत डिवचायची, "मले सोडून तू अकोल्याले जातं का पाहतो." नंतर हे डिवचणे आपोआप थांबले. पहिली पळायला लागली होती आणि दुसरी अजून नव्हती.

पहिलीला डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. निवड आठवड्यावर आली तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "दुसरीचा आणखी एक एमआरआय काढू. दोरी सरळ दिसली तर खेळू द्या. पैशाचं मी पाहतो."

त्यांची तगमग खोटी नव्हती. त्या पोरीला त्यांनीच शाळेच्या धुळीतल्या मैदानावरून उचलून इथवर आणले होते. मी त्यांना समजावले की चित्र पाय बरा झाल्यावरही बरेच दिवस बिघडलेले दिसू शकते; आणि चित्र सुधारले म्हणून पाय तयार झाला असेही नसते. परत खेळणे चित्रावर ठरवत नाहीत. दाबून दुखत नाही ना, सावकाश उचलल्यावर पाय दुसऱ्याइतका वर जातो ना, जोर दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे ना, पूर्ण वेगाने पळून वळता येते ना, हे सगळे पाहायचे. आणि शेवटी एक चाचणी राहते.

आश्चर्य म्हणजे तिने एकेक पार केले. दाबून दुखले नाही. जोर मोजायच्या यंत्रावर दोन पायांत किरकोळ फरक आला. मैदानावर ती पळाली, वळली. प्रशिक्षकांचा चेहरा उजळला. खरे सांगायचे तर माझाही.

शेवटच्या चाचणीत खेळाडूला पाठीवर झोपवतात, गुडघ्याला पट्टी बांधून पाय सरळ ठेवतात, आणि तो जमेल तितक्या जोरात, जमेल तितका वर उडवायला सांगतात. मग दुखले का एवढेच नाही, भीती वाटली का, हेही विचारतात.

आधी तिने चांगला पाय उडवला. सपकन. मग दुखरा.

"दुखलं?"

"नाई."

"भीती?"

"नाई."

पण पाय चांगल्या पायाइतका वर गेला नव्हता, आणि सावकाश गेला होता. प्रशिक्षक भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटले, "अजून एकदा. पूर्ण जोरात."

ती छताकडे पाहत पडून राहिली. मग म्हणाली, "मी मुद्दाम हळू उडवला, ताई."

"काहून?"

"जोरात उडवला असता तर तुमाले कळलं असतं."

तिने डोळे मिटले आणि खरोखर जोरात पाय उडवला. अर्ध्यावर तो आपोआप थबकला. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"दुखत नाई," ती म्हणाली. "पण तिथं गेलं की कायतरी सुटंल असं वाटते. भरोसा नाई वाटत त्याचा." आणि प्रशिक्षकांकडे वळून, "सर, बोनसले पाय टाकतानी मी हे आठवीन. मंग मी काय चढाई करीन?"

प्रशिक्षकांनी तोंडावरून हात फिरवला. "खोटं बोलली असती तर मी नेली असती तुले," ते म्हणाले. "बरं झालं नाई बोलली."

डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. पहिली अकोल्याला गेली आणि निवडली गेली. तिच्या निवडीचे पेढे दुसरीनेच मला आणून दिले. "खा, ताई. तुमच्या पेशंटचे हायत." मी पेढा तोंडात घातला. त्या दिवशी व्यायाम करताना ती रडली, मधे थांबली नाही, आणि मीही तिला थांबवले नाही.

मग आणखी कितीतरी संध्याकाळी ती एकटीच येत राहिली. विद्यापीठाचे सामने होऊन गेले. एक दिवस तीच शेवटची चाचणी पुन्हा घेतली. खोलीत आम्ही दोघीच होतो. पाय सपकन वर गेला, चांगल्या पायाइतकाच. पुन्हा गेला. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "नाई. काहीच नाई वाटलं."

ती उठून बसली. गुडघ्याची पट्टी सोडता सोडता म्हणाली, "मंग आता कुठं खेळू, ताई? संपलं न मायं सगळं."

डॉक्टरांची सही झाल्यावर मी प्रशिक्षकांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून त्यांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पहिले आठवडाभर संघासोबत पूर्ण सराव कर. मंग मूर्तिजापूरले ओपन टूर्नामेंट हाय, तिथं चाल. गावाचा संघ हाय, चढाईले पोट्टी नाई त्यायच्याकडं."

"बक्षीस काय हाय, सर?"

"बक्षीस पाहून खेळतं का तू?"

"आता विद्यापीठ नाई," ती म्हणाली, "मंग बक्षीस तरी पाहू द्या न." आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.