रहिमानचाचांच्या गुडघ्यांचं रनिंग

कासारवाडीत आमच्या बिल्डिंगच्या खाली रहिमानचाचांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. चाचा एकसष्ट वर्षांचे. त्यातली पंचेचाळीस वर्षं त्यांनी उकिडवं बसून काढली. वीतभर उंचीच्या लाकडी पाटावर बसायचं, समोर गाडी, बाजूला रॉकेलचा डबा. बंद पडलेल्या इंजिनचा नुसता आवाज ऐकून ते तोंडाने त्याची नक्कल करायचे. "खट्-खट्-खर्र! ऐकलं? हे तुमच्या गाडीचं पिस्टन रडतंय राव. तुमी न्हाई रडायचं, आमी हाय." गिऱ्हाईक हसत हसत गाडी सोडून जायचं.

आता उठताना त्यांच्या गुडघ्यातून तसाच आवाज येतो. त्याची नक्कल मात्र ते करत नाहीत. मी केली होती एकदा. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मी परत केली नाही.

त्यांचा मुलगा शहेबाज त्यांच्याच हाताखाली शिकला. हात चांगला, बोलणं कमी. गुडघे बिघडल्यावर तोच म्हणाला, "अब्बा, रॅम्प बसवू. गाडी वर चढवायची, उभ्याने काम करायचं. तुमाला बी आराम, मला बी. न्हाईतर मी महाळुंग्याच्या कंपनीचं बघतो. माझा मित्र बोलावतोय."

चाचांना रॅम्प म्हणजे अपमानच वाटला. "उभ्याने काम शोरूमवाले करतात. युनिफॉर्म घालून, टाय लावून, 'सर, युअर व्हेईकल इज रेडी सर!' इंजिन उघडायचं तर त्याच्यापुढं बसावं लागतं."

"मग बसा," शहेबाज म्हणाला. "गुडघ्याला विचारा पहिलं."

म्हणून चाचा डॉक्टर योगिनी मॅडमकडे गेले. मॅडम हाडांच्या डॉक्टर. एक्स-रे बघून म्हणाल्या, "चाचा, सांध्यातली गादी झिजलीय. मांडीचा व्यायाम रोज करायचा, वजन थोडं कमी करायचं, दुखेल तेव्हा हा जेल लावायचा आणि उकिडवं बसणं बंद."

चाचांनी पहिल्या तीन गोष्टींना मान डोलावली, चौथीला नाही. खिशातून शेजाऱ्याने दिलेली गोळ्यांची रिकामी पट्टी काढली. "ह्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या. म्हणे गादी परत भरते."

"भरत नाही. ब्रेकचं लायनर झिजलं, तर गोळी खाऊन जाड होईल का?"

चाचा हसले. लायनरचं त्यांना कळलं.

"काही जणांना थोडा आराम वाटतो," मॅडम म्हणाल्या, "पण मोठ्या अभ्यासांत खऱ्या गोळीत आणि नुसत्या साखरेच्या गोळीत फारसा फरक सापडला नाही. तुम्हाला बघायचंच असेल तर बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? शुगर? कोळंबी-खेकडा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं?" तिन्हीला नाही. "मग ग्लुकोसामाइन दिवसाला दीड हजार मिलिग्रॅम आणि कॉन्ड्रॉइटिन बाराशे, जेवणानंतर. ह्याचा परिणाम झालाच तर हळूहळू होतो, आठवड्यात काही ठरवू नका. पण तीन महिन्यांनी यायचंच. आज दुखणं दहापैकी किती?"

"सात."

मॅडमनी कागदावर सात लिहिलं आणि खाली: तीन महिन्यांनी फरक नसेल तर बंद.

घरी येऊन चाचा शहेबाजला म्हणाले, "तीन महिने थांब. गुडघे झाले की रॅम्प कशाला?" शहेबाजने मित्राला फोन करून तीन महिने मागितले.

पाचव्या आठवड्यात चाचा जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत आले आणि छाती काढून मला म्हणाले, "बघ! जाम इंजिन सुटलं!" ते नुकतेच पुतणीच्या लग्नाहून आले होते. नऊ दिवस त्यांनी खुर्चीत बसून नुसती बिर्याणी खाल्ली होती, पाटाचं तोंड पाहिलं नव्हतं. गॅरेज उघडून दोन दिवस झाले आणि गुडघा परत सातावर आला. पण ते नऊ दिवस चाचांनी गोळीच्या नावावर टाकले.

तीन महिने भरले. मॅडमकडे जाण्याआधी चाचा गोळ्या आणायला मेडिकलवर गेले. दुकानदार हिंदुराव नाकात बोलतो. "चाचाऽ, तीन म्हैन्यात काय व्हतंय? कोर्स मधीच तोडायचा न्हाई. सहा म्हैने तरी घ्या."

ते चाचांना लगेच पटलं. का, ते सांगते. इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवून, गाडी देताना चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगतात: "पहिले हजार किलोमीटर रनिंग, गाडी सावकाश हाकायची. तोवर इंजिनला नाव ठेवायचं न्हाई." गाडी गरम झाली, धूर आला, गिऱ्हाईक ओरडत आलं, तरी चाचांचं उत्तर तेच, आणि पंचेचाळीस वर्षांत ते बहुतेक वेळा खरं ठरलेलं. तेच त्यांनी गुडघ्याला लावलं. "रनिंग होऊ दे." व्यायाम सुटला, कारण रनिंगमध्ये इंजिनवर लोड देत नाहीत. मॅडमकडे गेले नाहीत.

शहेबाजने आणखी तीन महिने मागितले. मग मित्रच म्हणाला, "भावा, आता जागा भरतील." शहेबाज एक दिवस पाटाजवळ उभा राहिला.

"अब्बा, सहा महिने झाले. दुखणं किती?"

"सात. पण—"

"पहिल्या दिवशी किती होतं?"

चाचा रॉकेलच्या डब्यात हात घालून बेअरिंग धूत राहिले. सोमवारी शहेबाज महाळुंग्याच्या बसमध्ये बसला. चाचांच्या गोळ्या चालूच राहिल्या.

चौदाव्या महिन्यात चाचांना पाटावरून उठताच येईना. मी आणि शेजारच्या पंक्चरवाल्याने धरून उभं केलं. तेव्हा ते मॅडमकडे गेले.

मॅडमनी जुना कागद मागितला. घडी उलगडली. ओरडल्या नाहीत. "तिसऱ्या महिन्यात किती होतं?"

"सात."

"म्हणजे त्याच दिवशी उत्तर मिळालं होतं, चाचा." मग त्यांनी टेप लावून मांडीचा घेर मोजला. "व्यायाम केला नाहीत. मांडी बारीक झालीय, म्हणून उठता येत नाही. गोळ्या आजपासून बंद. व्यायाम आत्ता सुरू केला तरी फायदा होईल."

"बंद केल्यावर जास्त दुखंल?"

"मला नाही वाटत. बघा तुम्हीच."

चाचांनी महिनाभर बघितलं. काहीच झालं नाही. कमी नाही, जास्त नाही, सातचा सात. मला म्हणाले, "जास्त दुखलं असतं तरी चाललं असतं गं. म्हणजे चौदा महिने काहीतरी होत होतं, असं तरी झालं असतं."

आता ते व्यायाम करतात. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे. खुर्चीतून उठणं जरा सोपं झालंय. पाटावर बसत नाहीत.

गेल्या रविवारी शहेबाज घरी होता. चाचा त्याला म्हणाले, "रॅम्प बसवू."

"अब्बा, मला परमनंट केलं," शहेबाज म्हणाला. "दोन आठवडे झाले. तुमाला सांगणारच होतो."

"मग काय झालं? शिफ्ट सुटल्यावर ये."

"बारा तास उभा असतो मी तिथं, अब्बा."

चाचा कधी नव्हे ते त्याच्या पायांकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "जेल लाव. रात्री."

काल एक जुनी बुलेट आली. मालक म्हणाला, चाचा, तुमच्याशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही, इंजिन खोला. ते इंजिन उतरवायला दोन माणसं लागतात. चाचा खुर्चीतूनच वाकून ऐकत होते. तोंडाने नक्कल केली नाही.

"इंजिनचं काम बंद केलंय," ते म्हणाले. "ऑइल बदलायचं असंल तर बोला."