‘सांभाळ, देवा’ दोनदा म्हणायचं

मंडळी, दुपारीच वसईच्या वृद्धाश्रमातून आलेय. मन अजून भरलेलं आहे.

तिथे आमची रोझीमावशी असते. सत्तरच्या दशकात आम्ही दोघी बहारीनला नर्स होतो. शुक्रवारी तिथल्या अदलिया भागातल्या तिच्या खोलीवर आम्ही वसईकर प्रार्थनेला जमायचो. सगळ्या थेट ड्युटीवरून यायच्या, गीतांचं पुस्तक कुणाकडेच नसायचं. म्हणून मावशी गावचं जुनं गीत घ्यायची. ओळ ती एकटी गायची आणि आम्ही उत्तर द्यायचं, ‘सांभाळ, देवा, सांभाळ.’ प्रत्येक ओळीला तेच, तेही दोनदा. ती म्हणायची, "पहिल्यांदा शब्द आठवतात, दुसऱ्यांदा प्रार्थना होते."

आता मावशी कुणालाच ओळखत नाही.

आज आश्रमातल्या प्रार्थनेत तेच गीत घेताना मी शहाणपणा केला. धृपद बदलून ‘रक्षण करी, हे प्रभो’ केलं आणि लांबतंय म्हणून एकदाच ठेवलं. सगळे आजी-आजोबा गप्प! त्यांना शब्द सापडेपर्यंत मी पुढच्या ओळीवर.

मग जुनेच शब्द घेतले, पट्टी खाली आणली आणि नुसतं ‘सांभाळ...’ म्हणून थांबले. बाकीचं त्यांनीच पुरं केलं. मी पुन्हा एकदाच म्हणून पुढे निघाले, तर मावशीने बोट वर केलं.

"यल्ला, परत!" बहारीनमधलं तेच अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’.

सगळ्यांनी परत म्हटलं. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी घाई करतेय, हे मात्र बरोबर कळलं. मावशी, देव तुझं भलं करो.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना कोणती ओळ अजून पाठ आहे? आज त्यांच्याबरोबर एकदा म्हणा.

नाही, दोनदा.