थंड पाण्याच्या चुळा

बाजारकुणंग गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं तपासणी शिबिर होतं. मी नर्सिंग शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरी सोबत होत्या. डॉक्टर आत वर्गात. आम्ही बाहेर घेतलेले नाडी, श्वास, ताप, बीपीचे आकडे बिघडलेले असले की माणूस आत जायचा, ठीक असले की घरी.

सकाळपासून डोकं उठलं होतं. एक पोरगी अंगठ्यानं नाडी बघत होती, म्हणजे स्वतःचेच ठोके मोजत होती. दुसरी घट्ट ब्लाऊजच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळून वर पेशंटशी गप्पा मारत होती. श्वास तर सगळ्यांचे अठरा. मोजायचे कष्ट नकोत म्हणून अठरा.

दुपारी रानापलीकडच्या दिग्गी गावाकडची एक बाई आली. पन्नाशीची, खोकल्यानं बेजार, तोंडात पान-तंबाखू. माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीनं नाक मुरडलं. "शी, आधी तोंड धुऊन या."

बाई ओशाळली. नळावर जाऊन गार पाण्यानं पुन्हा पुन्हा चुळा भरून आली. पोरीनं लगेच जिभेखाली थर्मामीटर ठेवला आणि वास नको म्हणून मान फिरवून उभी राहिली. ताप अठ्ठ्याण्णव. श्वास अर्थातच अठरा.

"सगळं नॉर्मल आहे. जा घरी."

बाई उठली आणि खांबाला धरून थांबली. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. एवढ्या लांबचं रान तुडवत ती परत जाणार होती.

मी तिला बसवलं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजली, एकशे सोळा. शंभरच्या आत हवी. बोटं तशीच ठेवून छातीकडे बघत राहिले, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. पूर्ण मिनिटात बत्तीस. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. दंड उघडा करून, हात छातीच्या पातळीला टेकवून बीपी घेतलं, तेवढं बरं निघालं. गार पाण्यानंतर तोंडातला ताप खोटा कमी दिसतो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा घेतला. एकशे दोन.

"पण मॅडम, तिच्या तोंडाला किती घाण वास येत होता," पोरगी म्हणाली.

मला त्या पोरीचीच शिसारी आली. शिकवलेलं सगळं पाठ होतं तिला, आणि समोर धापा टाकणारी बाई दिसली नव्हती.

डॉक्टरांनी छाती तपासली, न्यूमोनिया म्हणाले आणि आमच्याच जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. जीपमध्ये मी त्या पोरीला मुद्दाम बाईसमोर बसवलं. बाईनं पदर नाकातोंडावर गच्च दाबून धरला होता.

"अक्का, पदर काढा. दम लागतोय तुम्हाला," मी म्हणाले.

"नको बाई," ती धापा टाकत म्हणाली, "वास येतोय माझ्या तोंडाला. ती पोरगी बसलीया न्हवं समोर."