एक जूनचा नेपच्यून

प्रेमात पडलेल्या माणसाच्या डोक्यावर आमच्या मावसाजींइतकं गार पाणी आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी ओतलं नसेल. धाड गावी त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि मागच्या वावरात वांगी, मिरची, टमाटे. स्वभाव असा की बाजाराच्या दिवशी कोणी पाकिटावरचं लालभडक टमाट्याचं चित्र पाहून हरखला, की मावसाजी पाकीट त्याच्या हातून काढून घेत आणि म्हणत, "चित्र काय पाह्यतं? मागच्या साली हे कोणाच्या वावरात लागलं ते इचार, आन् त्याच्या वावरात जाऊन पाय." गिऱ्हाईक बिचारं खरोखरच वावर पाहायला जाई आणि बऱ्याचदा परत येत नसे. मावशी कपाळाला हात लावी. मावसाजी स्वतः चहा पिताना बशीत ओतलेला चहा उजेडाकडे धरून पाहत, लग्नात गेले की नवरदेवाऐवजी त्याच्या चपला पाहत, आणि कीर्तनकार रंगात आला की शेजारच्याला हळूच विचारत, "घरी कसा हाये हा?"

अशा माणसाला ज्योतिषाचा नाद लागावा, आणि त्यातही नेपच्यूनचा, ही देवाचीच करणी! पुण्याहून टपालाने इंग्रजी ग्रहपंचांग मागवत आणि ते मिरचीच्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत, त्यामुळे कुंडली पाहणारा आणि दाखवणारा दोघंही शिंकत. छत्तीस गुणांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "गुन चंद्रावरून काढतेत," ते म्हणत, "आन् चंद्र दिवसाले तेरा अंश पळते. आपल्याकडं जन्मवेळ काय? तं म्हशी सुटल्यावर! मंग नक्षत्र काहाचं खरं?" नेपच्यून, म्हणजे माणसाला भुलवणारा धुक्याचा ग्रह, मात्र वर्षाला दोनच अंश सरकतो. वेळ चुकली तरी तो चुकत नाही, म्हणून तो त्यांचा लाडका. तरणी पोरगी आणि तरणा पोरगा एकमेकांकडे पाहू लागले की ते दोघांच्या पत्रिका शेजारी मांडत आणि एकाचा नेपच्यून दुसऱ्याच्या शुक्रावर, चंद्रावर, रवीवर पडतो का ते अंशाअंशाने मोजत. नेपच्यूनवर नेपच्यून पडला तर मोजतच नसत. "एका वर्गातल्या समद्या पोरायचा तो एकाच राशीत असते. त्याच्यात काय पाह्यचं?"

मी तेव्हा साखरखेर्ड्याला मास्तर होतो, चोवीस वर्षांचा, आणि शाळेत सुमन नावाची नवी बाई आली होती. आठ महिन्यांत तिच्याशी माझं बोलणं किती? खडू, घंटा आणि हजेरी. पण मनात मात्र! दिवाळीच्या सुटीत तिच्या घरी चिखलीचं स्थळ येणार असल्याचं कानावर आलं आणि माझं धाबं दणाणलं. तिच्या वडिलांकडे आधी मी शब्द टाकावा की नाही? एस.टी. पकडून धाड गाठलं. येताना सेवापुस्तकातून तिची जन्मतारीख उतरवून आणली होती: एक जून. माझी आईने वहीत लिहून ठेवलेलीच होती.

मावसाजींनी दोन कागद शेजारी ठेवले, शिंकले, आणि म्हणाले, "बसला धुक्यात." माझा शुक्र मिथुनेत पाच अंशांवर, तिचा नेपच्यून कन्येत सहावर. नव्वद अंशांचा केंद्रयोग, चूक फक्त एका अंशाची. "धुकं तिच्याकडून निघते, आंधळा तू होतं. तिले तं पत्ताबी नसते. तिच्या जागी तू आपलंच चित्र लावून बसतं." मी विचारलं, केंद्राऐवजी नवपंचम, म्हणजे मैत्रीचा योग, असता तर? "तं गोड लागलं असतं. दोघं मिळून भजनी मंडळ काढलं असतं. पन नवपंचमातला भुललेला मानूस उठतच नाही बे. केंद्रातला निदान ठेच लागून उठते."

मग त्यांनी मला सोललं. माझ्या स्वतःच्या पत्रिकेतही शुक्र-नेपच्यून केंद्रात होते. म्हणजे ही नाही तर दुसरी, मी कोणावर तरी भुलणारच होतो. वर गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात फिरणारा, नेपच्यून माझ्या चंद्रावर आलेला. तो एकदा पुढे जातो, वक्री होऊन परत येतो, पुन्हा पुढे जातो; तिसऱ्यांदा ओलांडून गेला की उरेल ते खरं. "पन योगावर मी थांबत नाही," ते म्हणाले. "खरा नेपच्यून मानसाले कामाले लावते. तिच्यापायी तुह्यं काम वाढलं का बसलं?" सहामाहीच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या आणि कविता एकवीस झाल्या होत्या. "तिले काय येत नाही? राग आला तं काय करते?" मी खडू, घंटा आणि हजेरी पुन्हा आठवून पाहिली. "शनीबी नाही कुठं. शनीनं धरलं असतं तं धुक्यातबी पाय जमिनीवर राह्यला असता. तिचा शनी वृषभेत, तुह्या कोन्याच ग्रहाले शिवत नाही. सालभर थांब."

सालभर! स्थळ येणार पंधरा दिवसांत! पण मावसाजींवर माझा विश्वास होता. मी थांबायचं ठरवलं, आणि तिचे सगळे विचार सोडून द्यायचे ठरल्याने संकोच गेला, म्हणून शाळेत पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोललो. कोजागिरीचा दिवस होता, पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. ती सहज म्हणाली, "आज माह्या वाढदिवस."

"एक जून ना?"

"मास्तर, तुम्हीच यंदा पहिलीच्या किती पोरायची एक जून लिहिली?"

सव्वीस. सव्वीस पोरांची! कोणाच्याच बापाला तारीख सांगता आली नव्हती, आणि शाळा सुरू होताना वय बसावं म्हणून मीच माझ्या हाताने लिहिली होती. वर हेही कळलं की तिला स्वयंपाक येत नाही, आणि राग आला की ती दोन दिवस बोलत नाही. ते तिने त्याच दिवसापासून करून दाखवलं, कारण तारीख मी सेवापुस्तकातून चोरली हे मी कबूल केलं.

पुन्हा धाड. जन्मसाल मात्र तिचं खरं होतं; त्या सालची कोजागिरी जुन्या पंचांगात सापडली. मावसाजींनी नवा कागद घेतला. नेपच्यून वक्रीतून सुटून धावला होता, तरी दोन-अडीच अंशच सरकला होता. योग ढिला पडला, सुटला नाही. पण चार महिन्यांत शनी वृषभ सोडून मिथुनेत आला होता, माझ्या शुक्रापासून दोन अंशांवर. मावसाजींनी अंश पुन्हा मोजले. "दुसरा जोशी याले भिऊन नाही म्हनंल," ते शेवटी म्हणाले. "शुक्रावर शनी, मंजे हौस कमी. पन तुह्यासारख्याले हाच पाह्यजे. धुकं हाये, खुंटाबी हाये." आणि टोपी घालून माझ्याबरोबर निघाले.

तिच्या घरी ओसरीवर बसल्या बसल्या, तिच्या वडिलांशी एक शब्द बोलायच्या आधी, त्यांनी तिला बोलावलं. साठीचा माणूस, दुकानात भल्याभल्यांना झापणारा, तिच्यापुढे हात जोडून म्हणाला, "पोरी, मी चुकलो. तुह्यी तारीख कागदाले इचारली, तुले नाही इचारली."

सुमन म्हणाली, "मावसाजी, तुमचं ठीक हाये, तुम्ही मले पाह्यलंबी नव्हतं. हे तं आठ महिने रोज समोर बसत होते."

मला मान वर करता आली नाही. मावसाजींनी मात्र समाधानाने पाहिलं, माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे, आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा सध्या अर्धाच शुद्धीवर हाये. पन पोरगी पुरी हाये."

चिखलीचं स्थळ आलं नाही. लग्न झालं, आणि नेपच्यूनचा तिसरा फेरा गेल्यावर मी खरंच दचकून जागा झालो: माझ्या एकवीस कवितांतली बाई घरात कुठेच नव्हती. महिनाभर मी उदास होतो, हे लपवत नाही. मग घरात जी होती तिला एकेक गोष्ट विचारत गेलो. मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिरचीची पूड उडाली की दोघंही शिंकतो, आणि मग सुमन म्हणते, "इचारा, आज काय इचारता." मी विचारतो. अजून संपलेलं नाही.