वस्तादाच्या लेकीचं चक्र

वर्षाराणीचं मनगट बघावं! गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज सांजच्याला ती म्हैस आणून उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार काढून द्यायची. "पावणं, पेला नीट धरा की, फेस सांडतोय," असं खडसावत ती दूध पाजायची. माणसं मुकाट प्यायची. तिच्या मनगटाची ताकद पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. ही काही नुसती गवळण नव्हे, गणपतराव वस्तादांची लेक! लाठी म्हणा, दांडपट्टा म्हणा, फरीगदका म्हणा, मर्दानी खेळातलं काय बाईला येत नव्हतं? सकाळी आखाड्यात पोरींना शिकवायचं, दुपारी म्हशीचं बघायचं आणि सांजच्याला कट्टा, असा तिचा दिवस जायचा.

सत्त्याण्णव साली वस्ताद गेले, आणि पेठेत एकच प्रश्न उभा राहिला. आखाडा कुणी चालवायचा? एकीकडं पुतण्या सयाजी. माणूस वाईट नव्हता, पण तोंड मोठं. "पोरींनी काठी फिरवली तर बघणारे हसतात. मी बसलो की पोरींचा वर्ग बंद," हे त्यानं अगोदरच सांगून टाकलं होतं. दुसरीकडं वर्षाराणी. तिच्या वर्गातल्या पोरी भाकरी खाऊन शाळेला जायच्या आधी अंगणात दांडपट्टा फिरवायच्या, आणि तो वर्ग तिला बंद होऊ द्यायचा नव्हता. वस्ताद व्हायचंच, हे तिनं ठरवून टाकलं. लाजायचं कशाला? व्हायचंय म्हणजे व्हायचंय.

पेठेतल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली. शिवजयंतीच्या खेळात जो चक्र फेकेल आणि गणपतरावांसारखं परत हातात आणील, तो वस्ताद; कुणालाच जमलं नाही तर आखाडा सयाजीचा. आता ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला म्हाईत न्हाय? वस्तादांनी चक्र सोडलं की ते वाऱ्यावर गरगरत जायचं, केळीचा खुंट कापायचं आणि वळसा घालून त्यांच्या बोटावर येऊन फिरत राहायचं. मैदानभर लोकांनी हे डोळ्यांनी बघितलं होतं. काही जण तर सांगायचे, एकदा ते चक्र जोतिबाच्या डोंगराला वेढा घालून आलं! सांगणाऱ्याची जीभ कुठं अडत नाही, आणि ऐकणाऱ्याचे कान तर त्याहून मोकळे.

वस्तादांचं जुनं चक्र देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेलं, गंज खाऊन त्याची धार पार गेलेली. मग वर्षाराणी उद्यमनगरात गेली. तिथं नेसरीकडचा गुरुसिद्ध लेथ चालवायचा. इंजिनाचे भाग घासून घासून त्याचे हात काळे झालेले, पण डोळे असे की बारीक खोट लगेच दिसायची. त्यानं लोखंडाची पट्टी वाकवून गोल केली, टोकं वेल्डिंगनं जोडली आणि कडेला धार लावली. "घ्या ताई, वीतभर रुंदीचं झालंय," म्हणाला.

रंकाळ्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानात, मातीच्या ढिगाऱ्यापुढं, ती सकाळी फेकायला गेली. पहिलंच चक्र असं डगमगत गेलं की दारूड्याची चालही त्याच्यापुढं सरळ वाटावी! दुसऱ्यांदा ते डावीकडं, तिसऱ्यांदा उजवीकडं. परत यायचं तर सोडाच, मातीच्या ढिगालाही धड लागेना. दिवसामागं दिवस गेले. "माझ्याच हातात खोट हाय," असं म्हणून ती रडकुंडीला आली. सयाजी येऊन बघून गेला आणि वर म्हणाला, "जड करून घे की! एका घावात मुंडकं उडालं पायजे. एवढ्याशा पत्र्यानं काय व्हतंय?"

ती चिडून उद्यमनगरात गेली आणि चक्र गुरुसिद्धाच्या मेजावर आपटलं. गुरुसिद्धानं एक गुळगुळीत खिळा आडवा ठोकला आणि चक्र त्याच्यावर अडकवलं. चक्र डुललं आणि थांबलं. त्यानं ते फिरवून दुसऱ्या जागी अडकवलं. पुन्हा डुललं. जोडाची जागा दर वेळी खालीच येऊन बसायची.

"बघितलंस?" वर्षाराणीच ओरडली. "जोड जड हाय!"

"व्हय की, वेल्डिंगचा ढीग राहिलाय तिथं. माझीच चूक," गुरुसिद्ध म्हणाला. "एक बाजू जड म्हणजे वजनाचा मध्य आणि गोलाचा मध्य एका जागी न्हाय. सोडताना जड बाजू कुठं हाय, त्यावर ते दर वेळी वेगळ्या दिशेला जाणार. तुमच्या हाताचा काय दोष?"

मग दोघं कामाला लागले. जोड घासायचा, खिळ्यावर टांगायचं, पुन्हा घासायचं. असं करता करता चक्र कुठल्याही जागी ठेवलं तरी तिथंच गप्प उभं राहू लागलं. त्यानंतर काचेवर ठेवून बघितलं. एका जागी खटखट वाजत होतं, म्हणजे थोडी बाक होती. हलकी हातोडी मारून ती काढली. आता राहिली धार. वर्षाराणीला आतल्या कडेलाही धार हवी होती. गुरुसिद्धानं कपाळाला हात लावला. "ताई, तुमचं बोट आत असतंय. बोट तोडून घ्यायचंय काय? आत गोल गुळगुळीत, बाहेर पातळ. वर थोडा फुगवटा, खाली सपाट. पातळ कड वाराही कापती आणि खुंटही. जडपणानं न्हाय कापत, वेगानं कापतंय."

त्यानंतर दोघांनी रानात एक मजा केली. स्टीलचं ताट आणि चक्र, दोन्ही सारखंच भिरकावून बघितलं. ताट थोडं जाऊन एका बाजूला कलंडलं आणि धाडकन आपटलं. चक्र मात्र सपाट राहून सरळ गेलं! ताटाची पुढची कड वारा उचलायला बघतो, आणि ते गरगरत असल्यामुळं ती उचल बाजूच्या कलंडण्यात जाते. चक्राला मध्ये भोक, म्हणून वाऱ्याला पुढची कडही मिळते आणि मागची कडही, उचल दोन्हीकडं वाटली जाते. शिवाय सगळं वजन कडेवर, त्यामुळं एकदा गरगर धरली की ते सपाटपणा सहजासहजी सोडत नाही. डोक्यावर बोटानं फिरवून सोडलं तर बघायला झोकदार, पण नेम कमी. कंबरेजवळनं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, मनगटाच्या झटक्यानं सोडलं की नेम बसायचा. आणि धारा काढणाऱ्या बाईचं मनगट म्हणजे काय सांगावं! केळीचा खुंट फाडून चक्र आत रुतून बसलं, तेव्हा ती रानात नाचलीच.

पण परत यायचं? ते काही केल्या येईना. उंच फेकलं, वाकडं फेकलं, वाऱ्याच्या विरुद्ध फेकलं. चक्र सरळ जायचं, दम संपला की पडायचं, आणि तिला चालत जाऊन उचलून आणावं लागायचं. शिवजयंती तोंडावर आली. ती घरी आली आणि आईपुढं मान खाली घालून बसली. "आये, आण्णांचं चक्र परत यायचं. माझं येत न्हाय. मी लायक न्हाय, घे. सयाजीदालाच दे आखाडा."

शालूबाई चुलीपुढनं उठल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि मग इतक्या जोरात हसल्या की वर्षाराणी घाबरली.

"अगं येडे, कधी परत आलंय ते? मी आणत व्हते की!"

आणि मग सगळं बाहेर आलं. वस्तादांकडं चक्रं दोन असायची. एक हातात, एक पाठीमागं कंबरेच्या शेल्यात. हलगी कडाडायला लागली की पहिलं खुंटाला चाटून मातीच्या ढिगाऱ्यापलीकडं पडायचं, लोकांचे डोळे त्याच्या मागं धावायचे, आणि तेवढ्यात दुसरं बोटावर गरगरत असायचं. ढिगाऱ्यामागं वैरणीची बुट्टी घेऊन एक बाई बसायची. ती बाई म्हणजे शालूबाई. चक्र पडलं की बुट्टीत घालायचं, वर गवत टाकायचं आणि गुरं घेऊन चाललेल्या बाईसारखं निघून जायचं. "पाऊस असो, चिखल असो, तीस वर्सं. कुणी बघितलं न्हाय मला. लोक वस्तादाकडं बघत व्हते."

वर्षाराणीला राग यावा की हसू यावं, कळेना. "आणि मुंडकी उडायची म्हणतात ती?"

"कसली मुंडकी! केळीच्या खुंटात बोटभर रुतलं की खूश व्हायचे तुझे आण्णा. बोटाएवढा हिरवा बांबूचा कळक तुटला की गावजेवण घालायची तयारी!"

शिवजयंतीला मैदान फुलून गेलं होतं. हलगी कानात घुमत होती. सयाजी माईक धरून ओरडत होता, "आता बघा, वस्तादांच्या लेकीचं चक्र! जाईल आणि परत येईल!" लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. पाठीला खोचायला ठरल्याप्रमाणं दुसरं चक्र तिच्या मैत्रिणीनं आणून दिलं, तेव्हा वर्षाराणीनं ते हातात घेतलं, बघितलं, आणि परत दिलं. ती सयाजीजवळ गेली आणि माईक घेतला.

"पावणं! चक्र परत येत न्हाय. आजवर कधीच आलेलं न्हाय. जातंय सरळ आणि बसतंय नेमावर. एवढंच त्याचं काम, आणि तेवढंच बघायला आलेलं बरं."

म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आयला, आखाडा गेला," असं कुणीतरी बोललंच. ढिगाऱ्यामागची माणसं बाजूला केल्याची तिनं खातरजमा केली, आई बुट्टी घेऊन जिथं बसली होती ती जागा ढिगाऱ्याच्या पाठीशी आडोशात आहे ना, हेही बघितलं. मग पाय रोवले. कंबर वळवली. झटका दिला!

चक्र सूंऽऽ करत निघालं. ना डगमग, ना कलणं. ढिगाऱ्यापुढं रोवलेला हिरवा कळक साफ तुटला, आणि चक्र जराही न थांबता मागच्या केळीच्या खुंटात कचकन रुतून बसलं. अर्ध्या कडेला ऊन चमकत होतं. असा आरडाओरडा उठला की म्हशी हंबरायला लागल्या.

तशात वर्षाराणीनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "आये! बुट्टी ठेव आणि आण की चक्र!"

ढिगाऱ्यामागनं शालूबाई उठल्या. पदर खोचला, खुंटापाशी आल्या, दोन्ही हातांनी चक्र उपटलं आणि गोल कडेला पदराचं टोक धरून चालू लागल्या. मैदानाच्या मधनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पहिल्यांदाच. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं बाजूच्याला विचारलं, "ही बाई कोण?" वर्षाराणीनं माईकमध्ये सांगितलं, "ही माझी आई. वस्तादांचं चक्र तीस वर्सं हीच परत आणत होती." मग टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेचनात. शालूबाई मध्येच उभ्या राहून रडू लागल्या. सयाजी स्वतः पुढं गेला, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्यांना हाताला धरून लेकीपर्यंत आणलं.

"चक्र परत आलंच की हातात," म्हणत म्हाताऱ्यांनी निकाल दिला, आणि त्या वर्षी आखाडा वर्षाराणीच्या नावावर झाला. पोरींचा वर्ग इतका भरला की अंगण पुरेना.