मांजरीचा बीपी

भाव नव्हता म्हणून त्या वर्षी कापूस घरातच पडून होता. आमची पंधरा वर्षांची मांजर त्या ढिगावर महाराणीसारखी झोपायची. एका सकाळी महाराणी उतरल्या आणि थेट भिंतीवर आदळल्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर.

"कापसातलं फवारणीचं औषध गेलं डोयात," म्हणत आईनं तिचे डोळे धुतले. काही फरक नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाला चिमुकला पट्टा बांधून बीपी मोजला. "फार वाढलाय. त्यानं डोळ्यांचे आतले पडदे सुटलेत. लगेच आणलंत, नजर येईलही." मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं, रोजची गोळी दिली.

स्वतःची बीपीची गोळी चुकवणारी आई आता मांजरीला म्हणायची, "मी घेतो, तू बी घे."

तिसऱ्या आठवड्यात आईच्या हलत्या पदरावर नेमकी झडप पडली. फाटका पदर नाचवत आई ओरडली, "दिसते वो तिले!"